विश्लेषण : बोलिंगचा चेंडू सरळ जाता जाता शेवटी वळतो कसा?

१ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियातील ला हाब्रा येथे ग्लेन ॲलिसन या ५२ वर्षांच्या बोलरने सलग तीन डावांत ३६ स्ट्राइक मारले. प्रत्येक डावात ३००, म्हणजे एकूण ९०० गुण. टेनपिन बोलिंगमध्ये तीन डावांत यापेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत. तरीही तेव्हाची नियामक संस्था अमेरिकन बोलिंग काँग्रेसने हा विक्रम नाकारला. आक्षेप ॲलिसनच्या हातावर नव्हता, लेनवरच्या तेलावर होता. लेनची स्थिती नियमात बसत नाही, असे संस्थेने ठरवले. मान्यताप्राप्त पहिले ९०० गुण त्यानंतर जवळपास १५ वर्षांनी, २ फेब्रुवारी १९९७ रोजी, नेब्रास्कातील लिंकन येथे जेरेमी सोनेनफेल्डच्या नावावर लागले. डोळ्यांना धड न दिसणाऱ्या तेलाच्या थरात एवढे काय असते? याचे उत्तर ‘हूक’ म्हणजे शेवटी वळणाऱ्या चेंडूच्या भौतिकशास्त्रात आहे.

चेंडू वळवायचाच कशाला?

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे सुमारे १८.३ मीटर असते. लेनची रुंदी जेमतेम १.०५ मीटर असून ती ३९ अरुंद फळ्यांमध्ये विभागलेली असते. लेन लाकडाऐवजी सिंथेटिक असली तरी या फळ्यांच्या रेघा तिच्यावर असतात आणि बोलर सगळी मोजमापे फळ्यांतच सांगतात.

दहा पिनांच्या त्रिकोणात सर्वांत पुढची पिन क्रमांक १. उजव्या हाताने टाकणाऱ्यासाठी १ आणि ३ या पिनांमधली फट म्हणजे ‘पॉकेट’. नेमक्या स्ट्राइकमध्ये चेंडू दहापैकी फक्त चारच पिनांना स्वतः धडकतो : १, ३, ५ आणि ९. बाकीचे काम पिना एकमेकींना पाडून करतात. १ नंबरची पिन २ ला, २ ही ४ ला आणि ४ ही ७ ला पाडते. दुसऱ्या बाजूला ३ ही ६ ला, ६ ही १० ला पाडते आणि ५ नंबर मागच्या ८ ला घेऊन जाते.

ही साखळी पूर्ण व्हायची तर चेंडूने ५ नंबरपर्यंत पोहोचायला हवे. अडचण इथेच आहे. पिनेचे वजन सुमारे दीड किलो असते, त्यामुळे पहिल्या धडकेनंतर सात किलोचा चेंडूही उजवीकडे ढकलला जातो. तो अगदी सरळ आला असेल तर ५ नंबरच्या बाजूने निसटतो आणि मधली पिन उभी राहते. डावीकडे झुकत आलेला चेंडू मात्र धडक खाऊनही आत घुसत राहतो. अमेरिकेतील चाचण्यांमध्ये पॉकेटमध्ये शिरण्याचा सर्वांत फायदेशीर कोन सहा अंशांच्या आसपास आढळला आहे.

सरळ चेंडूने हा कोन मिळवता येत नाही. लेनच्या अगदी उजव्या कडेवरून पॉकेटकडे तिरपा चेंडू टाकला, तरी तो कडेपासून सुमारे ४५ सेंटीमीटरच डावीकडे सरकू शकतो आणि तेवढ्यासाठी त्याला १८ मीटर कापावे लागतात. हा कोन जेमतेम दीड अंश भरतो. त्याहून जास्त कोन हवा तर चेंडूने आधी एका दिशेने जाऊन मग वळले पाहिजे.

वळवणारे बल येते कुठून?

हवेत चेंडू वळत नाही, हाताने टाकतानाही वळत नाही. त्याला वळवते ते लेनचे घर्षण. घर्षणाला काम मिळते, कारण चेंडू सुरुवातीला घरंगळत नसून घसरत असतो.

चिखलात रुतलेल्या स्कूटरचे चाक गरगर फिरते, पण गाडी हलत नाही. कोरडी जमीन मिळताच तीच गाडी झटक्यात पुढे जाते. बोलिंगच्या चेंडूत प्रकार उलटा, पण तत्त्व तेच. चेंडू वेगाने पुढे जात असतो आणि त्या मानाने फिरत कमी असतो. ताशी २७ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू न घसरता घरंगळायचा तर त्याने सेकंदाला सुमारे ११ फेरे घेतले पाहिजेत. नवशिक्याच्या हातून मिनिटाला २०० फेरे मिळाले तरी चांगले, म्हणजे सेकंदाला तीनपेक्षा थोडे अधिक. उरलेली तफावत म्हणजे घसरणे. जोवर घसरणे चालू आहे तोवर घर्षण चेंडूला त्याच्या घसरण्याच्या उलट दिशेने ढकलत राहते.

चेंडू पुढच्याच दिशेने फिरत असेल, गाडीच्या चाकासारखा, तर घर्षण त्याला फक्त मागे ओढते. चेंडू हळू होतो, पण वळत नाही. तो थोडा बाजूलाही फिरत असेल, तर तळाचा बिंदू उजवीकडे घसरतो आणि घर्षणाचा एक हिस्सा चेंडूला डावीकडे ढकलू लागतो. हाच हूक. डावखुऱ्यांनी या लेखातील डावे-उजवे उलटे वाचावे.

ॲक्सिस रोटेशन म्हणजे काय?

चेंडू ज्या काल्पनिक दांड्याभोवती फिरतो तो त्याचा अक्ष. चेंडू जायच्या दिशेनेच फिरत असेल तर अक्ष बरोबर आडवा, डावीकडून उजवीकडे असतो आणि ॲक्सिस रोटेशन शून्य अंश म्हटले जाते. चेंडू पूर्णपणे बाजूला फिरत असेल, म्हणजे अक्ष पुढे-मागे असेल, तर ९० अंश. प्रत्यक्षातले बहुतेक बोलर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात.

वरच्याच चेंडूचे ढोबळ गणित करून पाहता येते : वेग ताशी २७ किलोमीटर, फेरे मिनिटाला २००. रोटेशन २० अंश असेल तर घसरणे संपेपर्यंत चेंडूची दिशा एकूण सुमारे दोन अंश बदलते. ४५ अंश असेल तर जवळपास चार अंश आणि ७० अंश असेल तर साडेपाचच्या आसपास. हाताचा जोर तेवढाच आणि फेरेही तेवढेच असताना केवळ अक्ष फिरवल्याने वळण अडीच पटींहून अधिक वाढते.

मग सगळेच ९० अंशांनी का टाकत नाहीत? रोटेशन जास्त असले की चेंडूची पुढे फिरण्याची गती कमी उरते, त्यामुळे तो जास्त वेळ घसरतो आणि उशिरा, पण तीव्रपणे वळतो. असे वळण दिसायला देखणे असते, पण ते कुठे सुरू होईल याचा अंदाज कठीण. कमी रोटेशनचा चेंडू लवकर आणि संथपणे वळतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. शिकणाऱ्यासाठी ४५ अंशांच्या आसपासचा मध्यम मार्ग सोयीचा ठरतो.

फेरे वाढवले तरी वळण वाढते. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे दोन्ही हातांनी, अंगठा भोकात न घालता टाकतो. त्याचे चेंडू इतके वळण्यामागचे मुख्य कारण या पद्धतीत मिळणारे जादा फेरे हेच आहे.

तेलाचे काम काय?

लाकडी लेन झिजू नये म्हणून तिच्यावर तेल लावायला सुरुवात झाली. आज यंत्र प्रत्येक लेनवर साधारण २० ते ३० मिलिलिटर तेल ठरावीक नक्षीत पसरवते. बहुतेक ठिकाणी हा थर फाउल लाइनपासून सुमारे ४० फुटांपर्यंत असतो आणि शेवटचे २० फूट कोरडे राहतात. भौतिकशास्त्राच्या हिशेबात तेलकट भागातील घर्षणांक साधारण ०.०४ आणि कोरड्या भागात ०.२ धरतात. म्हणजे कोरडा भाग चेंडूला पाचपट घट्ट पकडतो.

तेल वळण वाढवत नाही, ते वळण लांबणीवर टाकते. वरचा ४५ अंशांचा चेंडू दोन लेनवर टाकून पाहिला की हा फरक स्पष्ट होतो.

पहिली लेन पूर्ण कोरडी. चेंडू टाकताक्षणी लेन त्याला पकडते. पाऊण सेकंदाच्या आसपास घसरणे संपते, तेव्हा चेंडू जेमतेम साडेपाच मीटर गेलेला असतो. त्याची दिशा चार अंशांनी बदललेली असते आणि पुढचे १३ मीटर तो त्याच तिरप्या रेषेत सरळ घरंगळतो. पिनांपर्यंत पोहोचेतो तो मूळ दिशेपासून सुमारे एक मीटर, म्हणजे जवळपास लेनच्या पूर्ण रुंदीइतका बाजूला गेलेला असतो.

दुसऱ्या लेनवर ४० फूट तेल आहे. त्या टापूत चेंडू दीड सेकंदाहून अधिक काळ असतो, तरी त्याची दिशा दीड अंशाच्या आसपासच बदलते. हाताने दिलेले बरेचसे फिरणे शिल्लक राहते. कोरडा भाग लागताच अवघ्या अर्ध्या सेकंदात दिशा आणखी अडीच अंशांनी वळते आणि मग चेंडू पूर्ण घरंगळू लागतो. एकूण बदल पुन्हा चार अंशच, पण बाजूला सरकणे अर्ध्या मीटरच्या आसपास.

हा फरक निर्णायक आहे. कोरड्या लेनवर एक मीटरची भरपाई करण्यासाठी चेंडू उजवीकडे तीन अंशांहून जास्त तिरपा टाकावा लागतो, त्यामुळे मिळवलेल्या चार अंशांतला पॉकेटमध्ये शिरताना एक अंशही उरत नाही. तेल असलेल्या लेनवर दीड अंश तिरपे टाकले की भागते आणि जवळपास अडीच अंश हाती राहतात. हात तोच, चेंडूही तोच, पण निकाल वेगळा. सहा अंशांच्या जवळ जायचे तर यावर फेरे किंवा रोटेशन वाढवावे लागते.

मग ॲलिसनचा विक्रम का अडकला?

तेल किती लांब आहे एवढ्यावर भागत नाही, ते रुंदीत कसे पसरले आहे हेही पाहावे लागते. सर्वसाधारण बोलिंग केंद्रांत मधल्या फळ्यांवर भरपूर आणि कडांना कमी तेल असते. त्यामुळे चुकांना आपोआप माफी मिळते. चेंडू जरा जास्त उजवीकडे गेला तर कडेचा कोरडा भाग त्याला लवकर वळवून परत आणतो. जरा डावीकडे गेला तर मधले तेल त्याला वळू देत नाही. दोन्ही चुकांची वाट पॉकेटकडेच जाते.

म्हणून स्पर्धांमध्ये मधल्या आणि कडेच्या तेलाचे प्रमाण मर्यादित ठेवले जाते. अमेरिकेत ‘स्पोर्ट’ प्रकारच्या लेनवर हे प्रमाण तीनास एकपेक्षा जास्त चालत नाही. रोजच्या करमणुकीच्या लेनवर ते याच्या कितीतरी पट असू शकते. एखाद्या केंद्रात २०० गुण करणारा बोलर अशा लेनवर अचानक ढेपाळतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हात नसून हरवलेली माफी असते. तेलाची नक्षी जास्त मदत करणारी असेल तर गुणांची तुलनाच होऊ शकत नाही, हे नियमामागचे तर्कशास्त्र आहे. ॲलिसनच्या ३६ स्ट्राइकांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

केंद्रातला चेंडू वळत का नाही?

मुंबई-पुण्याच्या मॉलमधील केंद्रांत रॅकवर ठेवलेले रंगीत चेंडू बहुतेक पॉलिएस्टरचे, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकचे असतात. कोरड्या भागातही त्यांची पकड कमी असते, त्यामुळे घसरणे संपायच्या आतच ते पिनांवर पोहोचतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या रिॲक्टिव्ह रेझिनच्या चेंडूंचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. तो तेल शोषतो आणि कोरड्या भागात लेन पकडतो, म्हणून व्यावसायिकांचे चेंडू इतके वळतात.

दुसरी अडचण भोकांची. केंद्रातला चेंडू सर्वांच्या हाताला बसावा म्हणून अंगठ्याचे भोक बहुधा सैल असते. चेंडू पडू नये म्हणून माणूस तो आवळून धरतो आणि आवळलेला अंगठा वेळेवर सुटत नाही. हूकसाठी अंगठा आधी सुटणे हीच मुख्य अट असल्याने सगळे तिथेच बिघडते. रॅकवरून चेंडू निवडताना वजनापेक्षा अंगठा आधी पाहावा : तो भोकात सहज फिरावा, पण हात खाली सोडल्यावर चेंडू लगेच निसटू नये.

नवशिक्याने सुरुवात कशी करावी?

पहिली पायरी धावत येऊन टाकण्याची नाही. फाउल लाइनच्या मागे उभे राहावे, पायांची हालचाल न करता फक्त हाताचा झोका द्यावा आणि चेंडू हळू सोडावा. फाउल लाइनच्या पलीकडे पाऊल टाकू नये, कारण तिथूनच तेल सुरू होते आणि बूट घसरतो.

हाताची स्थिती घड्याळाच्या तबकडीवर समजून घेता येते. सरळ चेंडूसाठी अंगठा १२ वर आणि बोटे ६ वर असतात. हूकसाठी अंगठा १० ते ११ च्या दरम्यान आणि बोटे ४ ते ५ च्या दरम्यान ठेवावीत. चेंडू पायाजवळ येताना अंगठा आधी बाहेर यावा आणि चेंडू क्षणभर मधल्या दोन बोटांवर राहावा. ही बोटे चेंडूच्या कडेने वर निघतात आणि तीच त्याला फिरवतात. हात शेवटी समोरच्या माणसाशी हस्तांदोलन करावे तसा थांबावा.

मनगट मुद्दाम फिरवण्याची गरज नाही. ‘चेंडू वळवायचा’ म्हटल्यावर बहुतेक जण हात चेंडूच्या वरून पिरगाळतात आणि तिथे दोन गोष्टी बिघडतात. चेंडू भोवऱ्यासारखा उभ्या अक्षावर फिरतो, तळाचा बिंदू जवळजवळ तिथेच राहतो आणि घर्षणाला पकडायला फारसे काही उरत नाही. शिवाय कोपर आणि मनगट दुखू लागते. उलट अंगठा एकच्या पुढे गेला आणि हात बाहेर वळला तर चेंडू उजवीकडे पळतो. बोलर त्याला ‘बॅकअप बॉल’ म्हणतात.

बरोबर होत आहे हे कळणार कसे?

चेंडू स्वतःच पुरावा घेऊन परत येतो. टाकण्यापूर्वी तो फडक्याने पुसावा आणि परत आल्यावर उजेडात तेलाचा गोल पट्टा शोधावा. पट्टा मोठा असून अंगठ्याच्या भोकाच्या आणि बोटांच्या भोकांच्या जवळून जात असेल तर चेंडू नीट घरंगळतो आहे. तो अंगठ्यापासून लांब, बांगडीसारखा छोटा असेल तर चेंडू भोवऱ्यासारखा फिरतो आहे, म्हणजे हात वरून जातो आहे.

दुसरी तपासणी मोबाइलची. चेंडूवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून मागून स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. टेप सरळ पुढे जाताना दिसली तर रोटेशन जवळपास शून्य आहे. ती वर येऊन डावीकडे तिरपी उतरत असेल तर बाजूचे फिरणे मिळते आहे. ती पूर्ण आडवी धावत असेल तर हात जास्त फिरला आहे.

चेंडू फिरतो आहे असे दिसले की लक्ष पिनांऐवजी लेनवरच्या बाणांवर न्यावे. फाउल लाइनपासून सुमारे १५ फुटांवर सात बाण असतात, दर पाच फळ्यांवर एक. उजवीकडून दुसरा बाण, म्हणजे दहावी फळी, हे सुरुवातीचे लक्ष्य. पुढच्या टप्प्यासाठी एक साधे सूत्र आहे : तेलाच्या फुटांतून ३१ वजा करावेत. ४० फुटांच्या तेलावर उत्तर ९ येते, म्हणजे तेल संपताना चेंडू उजवीकडून नवव्या फळीच्या आसपास असावा.

तासाभराने तेच टाकूनही चुकते, ते का?

प्रत्येक चेंडू थोडे तेल उचलतो किंवा पुढे ओढतो, त्यामुळे लेन सारखी बदलत असते. रेझिनचे चेंडू वापरले जात असतील तर नेहमीच्या वाटेवरचे तेल कमी होते, चेंडू लवकर वळतो आणि १ नंबरच्या पिनेच्या डावीकडे जाऊ लागतो. अशा वेळी हात बदलू नये. पाय दोन फळ्या डावीकडे आणि नजर एक फळी डावीकडे न्यावी, म्हणजे चेंडू पुन्हा तेलाच्या वाटेवर येतो. प्लास्टिकचे चेंडू मात्र तेल पुढे कोरड्या भागात नेतात. मॉलमध्ये संध्याकाळी गर्दीच्या वेळी वळण कमी झाले तर त्यामागे हेही कारण असू शकते.

हूक सगळीकडे वापरायचा नसतो. उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची एकटी पिन उरली की वळण जोखीम ठरते, कारण तेलाचा अंदाज थोडा चुकला तरी चेंडू पिनेच्या डावीकडून निघून जातो. अशा वेळी व्यावसायिकही रेझिनचा चेंडू बाजूला ठेवतात आणि प्लास्टिकचा उचलतात. लेन कशीही असली तरी तो जवळपास सरळच जातो.